गाडी कितीले पडली?

रावेरात कोणी नवी वस्तू घेतली की कौतुक नंतर, आधी भाव. म्हैस असो, ठिबकच्या नळ्या असोत की लेकीच्या लग्नातला शालू, पहिला प्रश्न ठरलेला, "कितीले पडली?" उत्तर ऐकून झालं की विचारणारा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग तुम्ही किती जास्त दिले ते सांगतो. हा इथला शिष्टाचार आहे. मी मात्र गाडी घेतल्यावर तीन वर्षं या प्रश्नाला "महिना फक्त वीस हजार" असं उत्तर देत हिंडलो आणि ऐकणाऱ्याला गप्प बसण्याचीही संधी दिली नाही.

शेजारचे आबा तेवढे हटले नाहीत. ते म्हणाले, "महिन्याचं नाई विचारत मी, मास्तर. गाडी कितीले पडली?"

"आबा, ती पडत नाही. वापरायची आणि तीन वर्षांनी परत करायची. लीज म्हणतात त्याला."

"म्हंजे भाड्यानं?"

"भाड्यानं नाही हो. लीज."

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पायाने हलकेच ढोसून पाहिलं आणि घरी गेले. मला त्यांची कीव आली. जुनी माणसं, नव्या अर्थकारणाशी संबंध नाही.

आता हे मी कोण म्हणतोय तेही सांगायला हवं. मी हायस्कुलात गणित शिकवतो. आठवीला चक्रवाढव्याज आणि दहावीला अर्थनियोजन, दोन्ही माझ्याकडेच. वडिलोपार्जित थोडी केळीची बाग आहे, तिचा हिशेब बायको बघते. ती सावद्याच्या केळी व्यापाऱ्याची मुलगी आहे, त्यामुळे आमच्या घरात पैशाचं गणित आणि फळ्यावरचं गणित यांची खाती सुरुवातीपासून वेगळी आहेत.

लीजचं वेड डोक्यात घातलं पुण्याच्या शालकाने. त्याच्या आयटी कंपनीने त्याला लीजवर गाडी दिली होती आणि भाडं पगारातून कर कापण्याआधीच वळतं होत होतं, म्हणजे तेवढ्या रकमेवर त्याचा कर वाचत होता. माझ्या पगारात अशी काही सोय नाही. मला कराचा भाग ऐकूच आला नाही. ऐकू आलं ते एवढंच, की त्याची गाडी माझ्या मनातल्या गाडीपेक्षा मोठी आणि हप्ता लहान. हे सहन करणं कोणत्याही मेव्हण्याला अवघडच.

मग जळगावला एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या तरुणाने एसीचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि हिशेब मांडला. गाडी रस्त्यावर येईपर्यंत 10 लाख. साधं कर्ज, तीन वर्षं, दरसाल 12 टक्के, म्हणजे महिन्याला 1 टक्का. हप्ता 33,214 रुपये. माझा चेहरा पाहून त्याने दुसरं पान उघडलं. तीच गाडी, तीच तीन वर्षं, तोच दर, पण लीज. हप्ता 23,929.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"सर, यात चार लाख आर.व्ही. धरलीय. रेसिड्युअल व्हॅल्यू. तीन वर्षांनी गाडीची जी किंमत उरेल ती. तेवढी तुम्ही फेडायचीच नाही."

'फेडायचीच नाही' हे दोन शब्द कानात शिरले आणि चक्रवाढव्याज त्याच क्षणी दुसऱ्या कानाने बाहेर पडलं. पुढे जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी घासाघीस सुरू केली. "आणखी कमी करा," म्हणालो. तो म्हणाला, "दर तर कमी होणार नाही सर. आर.व्ही. थोडी वाढवली तर हप्ता उतरेल."

"मग वाढवा की!"

त्याने साडेचार लाख केली. हप्ता उतरला. मी म्हटलं, आणखी. त्याने पाच केली. मी खुर्चीत पुढे सरकलो. असं करत करत मी त्याला साडेपाच लाखांवर आणला आणि हप्ता 20,446 झाला. बरोबर वीस हजार करा, असा माझा शेवटचा आग्रह होता, पण कॉम्प्युटर त्यापुढे जाऊ देईना. मी मोठ्या मनाने ते सोडून दिलं. परतताना ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, तिचा तिखटपणा त्या दिवशी जाणवला नाही.

हा हप्ता कसा बनतो ते मला फार उशिरा आणि फळ्यावर न मांडता कळलं, म्हणून इथे मांडतो. लीजच्या हप्त्याचे दोन तुकडे असतात. पहिला तुकडा घसाऱ्याचा. गाडी 10 लाखांची आणि तीन वर्षांनी चार लाखांची उरणार असेल, तर मधल्या काळात तुम्ही सहा लाखांची गाडी झिजवली. त्या सहा लाखांचा नेहमीच्या कर्जासारखा हप्ता, 19,929 रुपये. दुसरा तुकडा उरलेल्या चार लाखांचा. ते मुद्दल तुम्ही फेडत नाही, पण ते कुणाचे तरी पैसे आहेत आणि तीन वर्षं तुमच्या गाडीत अडकून पडलेत. त्यांचं व्याज महिन्याला 1 टक्का, म्हणजे 4,000. बेरीज 23,929. संपलं.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. आर.व्ही. एका लाखाने वाढवली की ते लाख पहिल्या तुकड्यातून निघून दुसऱ्यात जातात. तिकडे 3,321 रुपये वाचतात, इकडे 1,000 वाढतात. हप्ता 2,321 ने उतरतो. मी दीड लाख वाढवले, त्यामुळे 3,482 रुपये उतरले. त्या तरुणाने मला एका पैशाची सूट दिली नव्हती. मी फक्त फेडण्याचे पैसे उचलून शेवटच्या महिन्याच्या पलीकडे ठेवले होते, आणि ठेवण्याचं भाडं दर महिन्याला भरायला राजी झालो होतो. (भाड्यावर जीएसटी वेगळा, कर्जाच्या हप्त्यावर तो नसतो. तो मी इथे धरलेला नाही, नाहीतर जखमेवर मीठच.)

त्याच शोरूममध्ये बलून पेमेंट नावाची कर्जाची योजनाही होती. आकडे तेच. दर महिन्याला 23,929 आणि शेवटी एकदम चार लाख. मी ती तुच्छतेने बाजूला सारली, कारण त्यात शेवटी चार लाख द्यावे लागतात हे ठळक अक्षरांत छापलं होतं. दोन्हींची आकडेमोड एकच असते, फरक असतो तो शेवटच्या रकमेच्या जातीत. बलून म्हणजे कर्ज. गाडी विकून पाच लाख येवोत नाहीतर दोन, चार लाख द्यायचेच. लीजमधली आर.व्ही. म्हणजे अंदाज. आणि अंदाज चुकला तर कमी पडलेले पैसे कोण भरणार, हे हप्त्याच्या पानावर कधीच नसतं, ते कराराच्या पोटात असतं. काही करारांत तो धोका कंपनीचा. तुम्ही किल्ली टेकवून चालू लागायचं. काही करारांत आर.व्ही.ची हमी तुम्ही घेतलेली असते, आणि मग ते लीज नावाचं बलूनच असतं, फक्त ठळक अक्षरं काढलेली.

माझा करार कोणत्या जातीचा होता हे ओळखायची खूण माझ्या समोर होती आणि मी तिचंच कौतुक करत होतो. शालकाच्या लीजला वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा होती, जास्त चालवली की किलोमीटरमागे दंड, ओरखड्यांचीही यादी. मला मर्यादाच नव्हती. "कितीही चालवा सर," असं म्हटल्यावर मी पुण्याला मुद्दाम फोन करून शालकाला हे ऐकवलं. ज्याच्या खिशातून घसारा जाणार असतो तोच किलोमीटर मोजतो, हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षं लागली. शालकाची लीज कंपनी मोजत होती, कारण तोटा तिचा होता. माझी कंपनी मोजत नव्हती.

मग मी ती गाडी मन लावून चालवली. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचे खड्डे मला तोंडपाठ झाले. शाळा, बाग, फैजपूर, भुसावळ, जळगाव. भुसावळला कुणाला गाडी पकडायची असली की, "चला, मी सोडतो, किलोमीटरची मर्यादा नाही." टिश्यूकल्चरच्या रोपांचे ट्रे मागच्या सीटवरून आणले. पाहुण्यांना द्यायचे घड डिकीत टाकले. केळीचा चीक ज्याने कपड्यावर एकदा लावून घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. तो आधी दिसत नाही, मग तपकिरी होतो आणि मग कायमचा होतो. सीटच्या पाठीवर चिकाचा नकाशा उमटला, बायकोने त्यावर टॉवेल टाकला, टॉवेललाही लागला.

त्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीने त्याच गाडीचं नवं रूप बाजारात आणलं. पुढचे दिवे बदलले, आत मोठा स्क्रीन बसवला. नवं रूप आलं की जुन्याचा भाव उतरतो, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात कुणीही सांगेल. मला मात्र माझी गाडी आहे तिथेच आहे असं वाटत राहिलं.

मुदत संपत आली तेव्हा पत्र आलं. गाडी परत द्या, आम्ही ती विकू, 'विक्रीची रक्कम आणि मान्य केलेली शिल्लक किंमत यांतील तफावत भाडेकरूने द्यावी'. किंवा साडेपाच लाख देऊन गाडी ठेवून घ्या. तपासणीला एक माणूस आला. त्याने टॉवेल उचलला, पाहिलं आणि पुन्हा तसाच ठेवला. लिलावात अंदाजे 3 लाख 70 हजार येतील, म्हणाला. तफावत 1 लाख 80 हजार.

मी आधी चिडलो. जळगावला जुन्या गाड्यांच्या बाजारात चक्कर मारली, हा माणूस मला लुटतोय याची खात्री करायला. तिथे माझ्याच मॉडेलच्या तेवढ्याच जुन्या, चीक न लागलेल्या गाड्या चार लाखांच्या आसपास उभ्या होत्या. म्हणजे पहिल्या दिवशी त्या तरुणाने धरलेले चार लाख हा चांगला अंदाज होता. वरचे दीड लाख माझ्या घासाघिशीची कमाई. आणि करार करायच्या आधी याच बाजारात येऊन, तीन वर्षं वापरलेली तीच गाडी किती टक्क्यांना जाते, हे विचारायला मला चहाच्या एका कपापेक्षा जास्त खर्च आला नसता.

रात्री वही घेऊन बसलो. साडेपाच लाखांच्या आर.व्ही.ने मी हप्त्यांत भरले 7,36,056. त्यावर तफावत 1,80,000. एकूण 9,16,056. आर.व्ही. पहिल्यापासून 3 लाख 70 हजार धरली असती, तर हप्ता 24,625 बसला असता आणि छत्तीस महिन्यांत गेले असते साधारण 8,86,500. दोन्ही वेळा शेवटी गाडी नाही. फरक सुमारे 29,500 रुपये. कारण जे 1 लाख 80 हजार कधी नव्हतेच, त्यांचं मुद्दल दर महिन्याला न फेडता मी तीन वर्षं पूर्ण रकमेवर महिना 1,800 व्याज भरलं होतं. 'महिना वीस हजार' असं म्हणण्याची फी एवढी. बायकोने वहीत डोकावून विचारलं, "हे कुणाचं उदाहरण सोडवताय?" मी म्हटलं, दहावीचं.

तिला कळलंच. तिचं म्हणणं मी जसंच्या तसं देतो, कारण माझ्यापेक्षा ते नेमकं आहे. म्हणाली, "आपल्या बागेचा घड पुढच्या वर्षी कितीला जाईल, हे लावणीच्या दिवशी कुणी कागदावर लिहून मागितलं तर तुम्ही द्याल? वैशाखात वादळ यायचं असतं, बऱ्हाणपूरचा भाव पडायचा असतो. माझ्या बापाने जन्मभर केळी घेतली, पण कापणीच्या आधी भाव बांधून घ्यायचा तर तो नेहमी कमीच सांगायचा. तुम्ही गाडीचा तीन वर्षांनंतरचा भाव लिहून दिला, तोही स्वतःहून वाढवून, आणि वर हमी घेतली." एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली. मी वहीतल्या बेरजा पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या.

मनाच्या समाधानासाठी मी मोठी माणसं कशी बुडाली ते शोधलं. अमेरिकेत बहुतेक लीज शालकासारख्या असतात, धोका कंपनीचा. 2008 च्या उन्हाळ्यात तिकडे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं आणि मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांना जुन्या बाजारात कुणी विचारेना. लीजवर गाडी घेतलेल्या लोकांनी मुदत संपताच किल्ल्या आणून टेकवल्या. कागदावर धरलेली शिल्लक किंमत आणि मिळणारा भाव यांतलं अंतर भरता भरता फोर्डच्या वित्त कंपनीला त्या एका तिमाहीत 2.1 अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. क्रायस्लरच्या वित्त कंपनीने तर 1 ऑगस्टपासून लीज देणंच थांबवलं. तिथे हप्ते स्वस्त दिसावेत म्हणून आर.व्ही. कंपन्यांनीच चढवून ठेवल्या होत्या आणि मार त्यांनीच खाल्ला. आपल्याकडे चढवली मी, आणि खाल्लाही मीच. एवढ्या बाबतीत माझा व्यवहार फोर्डपेक्षा सुटसुटीत होता.

आता गाडी परत द्यावी की ठेवावी? यावर मी बराच खल केला. परत दिली तर 1 लाख 80 हजार जाणार आणि दारात गाडी नाही. ठेवली तर साडेपाच लाख जाणार आणि दारात 3 लाख 70 हजारांची गाडी. दोन्हीकडे नुकसान तेवढंच, हे गणिताने सिद्ध केल्यावर मला जरा बरं वाटलं, बायकोला वाटलं नाही. लीज कंपनीने तिसरा मार्गही सुचवला, साडेपाच लाखांचं नवं कर्ज, दोन वर्षांत फेड. जुन्या गाडीला दर जास्त असतो, पण आधीचाच 12 टक्के धरला तरी हप्ता 25,890. तीन वर्षं वापरलेल्या, चीक लागलेल्या गाडीचा हप्ता नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा जवळजवळ साडेपाच हजारांनी जास्त. हे ऐकून आबा मात्र खरोखर गप्प बसले.

शेवटी गाडी ठेवली. कांदेबागेची कापणी झाली होती, भाव त्या वेळी बरा लागला होता, बायकोने पैसे दिले. गाडी ठेवण्याचं तिचं कारण साधं होतं. सीटवर काय सांडलंय ते आपल्याला माहीत आहे, दुसऱ्याची जुनी घेतली तर तेही माहीत नसतं. व्यवहार पुरा झाला म्हणून आरसीवरची लीजची नोंद काढायला फॉर्म 35 भरून आरटीओत गेलो, तिथल्या कारकुनाने कागद चाळता चाळता सहज विचारलं, "कितीले पडली?" मी खरा आकडा सांगितला. हप्ते 7 लाख 36 हजार, वर साडेपाच लाख. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

परवा शोरूममधून पुन्हा फोन आला. फोन बायकोने घेतला. नवी गाडी, लीजवर, जुन्या ग्राहकांसाठी खास, हप्ता पहिल्यापेक्षाही कमी, असं पलीकडचा मुलगा उत्साहाने सांगत होता. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "किलोमीटरची मर्यादा किती?"

"मर्यादा काहीच नाही मॅडम! कितीही चालवा!"

तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "राँग नंबर होता."